पट्ट्यात अडकलेलं खोकं आणि एका मिनिटाची सूचना

पाळी सुरू होताना सुरक्षेची सूचना वाचून दाखवली जाते, ती बऱ्याच ठिकाणी साधारण अशी असते:

"सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, यंत्रांची देखभाल अथवा दुरुस्ती करतेवेळी विद्युत पुरवठा खंडित असल्याची खातरजमा करण्यात यावी, तसेच आवश्यक ती सुरक्षा साधने परिधान करण्यात यावीत. सदर सूचनेचे पालन न केल्यास संबंधितांवर कारवाई करण्यात येईल."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी अर्ध्या तासाने पट्ट्यात खोकं अडकतं, शेजारी उभा असलेला माणूस हात घालून ते ओढतो आणि आपण सूचना मोडली असं त्याला वाटतही नाही. कारण त्याच्या दृष्टीने तो देखभाल करत नव्हता आणि दुरुस्तीही करत नव्हता. देखभाल फिटर करतो. हा फक्त खोकं काढत होता. सूचना कानावर पडली, पण ती आपल्यासाठी आहे हे त्याला कळलंच नाही.

म्हणून इथे एकच प्रसंग घेतला आहे: सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे कन्व्हेयरमध्ये, काहीतरी अडकलं आहे आणि ते काढायचं आहे. यासाठी मिनिटभराची सूचना कशी लिहायची, ती कुठे उभं राहून बोलायची आणि ती लोकांच्या डोक्यात उतरली की नाही हे कसं ओळखायचं, ते पाहू. प्रेस असो, मिक्सर असो किंवा गुंडाळणी यंत्र, रीत हीच राहते. बदलतात ती फक्त भागांची नावं.

आधी धोका नीट समजून घ्या

ज्याला यंत्राचं वागणं माहीत नाही, त्याला चांगली सूचना लिहिता येत नाही. अडकलेला पट्टा स्थिर दिसतो, पण त्यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. पहिलं कारण सेन्सर. खोकं सेन्सरसमोर अडकलं की पुढे जागा नाही असं समजून यंत्रणा पट्टा थांबवते. खोकं बाजूला केलं की सेन्सर मोकळा होतो आणि पट्टा आपोआप सुरू होतो, कुणी बटण दाबायची गरज नसते. दुसरं कारण म्हणजे खोकं रोलर आणि चौकटीच्या मध्ये घट्ट बसलेलं असतं. मोटर ओढत असते, पट्टा ताणलेला असतो. खोकं सुटलं की तो ताण एका झटक्यात मोकळा होतो.

दोन्ही वेळा पट्टा ज्या क्षणी चालू होतो, त्या क्षणी हात आत असतो. आणि तो पट्टा सुरू केलेला असतो त्याच हाताने.

आता वेग बघा. पट्टा मिनिटाला 30 मीटर चालतो असं धरा, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हा काही फार वेग नाही, माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. पण अचानक झटका बसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात पट्टा 25 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. मोठ्या माणसाचा पंजा मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत साधारण 18-19 सेंटीमीटर असतो. म्हणजे पट्टा जिथे रोलरवर चढतो त्या चिमट्यात बोट सापडलं, तर हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत पूर्ण पंजा आत जाऊ शकतो. "मी पटकन हात काढून घेईन" हा हिशेब चुकतो तो इथे.

हातमोज्यांचंही असंच आहे. "आवश्यक ती सुरक्षा साधने" असं म्हटलं की समोरचा हातमोजे घालून मोकळा होतो. खोक्याच्या धारेपासून हातमोजा वाचवतो, पण फिरत्या रोलरजवळ तोच मोजा आधी पकडला जातो आणि बोटांना बरोबर घेऊन जातो. त्यामुळे कोणतं साधन, कुठे आणि कधी, हे सांगता येत नसेल तर सूचनेत साधनांचा उल्लेख न केलेला बरा.

लाल बटणाचा गैरसमज

या प्रसंगातली सगळ्यात मोठी गफलत म्हणजे इमर्जन्सीचं लाल बटण. ते दाबलं म्हणजे मशीन बंद झालं, आता हात घालायला हरकत नाही, असं बहुतेकांना मनापासून वाटतं. लाल बटण यंत्राला थांबायचा हुकूम देतं. वीज मात्र पॅनेलपर्यंत आलेलीच असते. दुसऱ्या टोकाच्या माणसाने ते बटण सोडवलं, रीसेट केलं आणि हिरवं दाबलं, की पट्टा चालू. लांब पट्ट्यावर दोन टोकांची माणसं एकमेकांना दिसतही नाहीत.

म्हणून मेन स्विचचा दांडा खाली करायचा आणि त्याला कुलूप लावायचं. कुलूप लावल्यावर तो दांडा कुणालाच वर करता येत नाही, आत हात घातलेला माणूस कुणाला दिसो वा न दिसो. "काम चालू आहे" अशी नुसती पाटी अडकवून हे साधत नाही. पाटी वाचावी लागते, आणि ती कुणी काढूनही ठेवू शकतो.

यानंतरची पायरी बहुतेक सूचनांत नसते, ती म्हणजे चालू करून बघणं. दांडा खाली केला, कुलूप लावलं, पण तो शेजारच्या पट्ट्याचा मेन निघाला तर? एकाच भिंतीवर चार सारखे दिसणारे स्विच असले की असं घडतं. म्हणून कुलूप लावल्यावर हिरवं बटण दाबायचं. पट्टा हलला नाही, तर योग्य मेन बंद झाला.

यातही एक खोच आहे आणि ती अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. लाल बटण दाबलेलंच ठेवून हिरवं दाबलं, तर पट्टा हलणार नाहीच, मग मेन चालू असो की बंद. तपासणी खोटी ठरते आणि माणूस निश्चिंत होऊन हात घालतो. म्हणून आधी लाल बटण फिरवून बाहेर काढायचं, रीसेटचं बटण असेल तर तेही दाबायचं, आणि मगच हिरवं दाबून बघायचं. पट्टा हलला नाही की लाल बटण परत दाबून ठेवायचं.

सूचना

आता हे सगळं बोलण्याच्या भाषेत आणायचं. समोर 3 नंबरचा पट्टा आहे, सपाट, एकाच मोटरवर चालणारा. शेजारच्या खांबावर त्याचा पॅनेल आणि पॅनेलवर मेनचा लाल दांडा आहे. बोलणारा सुपरवायझर पॅनेलजवळ उभा आहे, हातात कुलूप आहे.

> मंडळी, इकडे बघा. आज एकच गोष्ट.
>
> 3 नंबरच्या पट्ट्यात खोकं अडकलं की पट्टा थांबलेला दिसतो. तो थांबलेला नसतो, अडलेला असतो. खोकं निघालं की पट्टा पळतो आणि हात रोलरमध्ये ओढतो.
>
> म्हणून आधी बंद. लाल बटण दाबा, हा दांडा खाली ओढा.
>
> मग कुलूप. कुलूप तुमचं, चावी तुमच्या खिशात.
>
> मग बटण. लाल फिरवून सोडवा, हिरवं दाबा. पट्टा हलला नाही पाहिजे. लाल परत दाबा.
>
> मग हात.
>
> पट्टा हलला, तर हात घालायचा नाही. मला हाक मारा.
>
> यात पट्टा दोन मिनिटं थांबला तर थांबू दे. कुणी विचारलं तर उत्तर मी देईन.
>
> आता सगळे माझ्याबरोबर: बंद. कुलूप. बटण. मग हात.

हे शंभराच्या आसपास शब्द आहेत. शॉप फ्लोअरवर सावकाश, थांबत थांबत बोललं तर मिनिटाला नव्वद ते शंभर शब्द होतात, म्हणजे ही सूचना मिनिटभरात संपते. याहून लांब केली तर मागच्या रांगेतली माणसं हातातल्या कामाकडे वळतात.

यातला शब्द अन् शब्द मुद्दाम निवडलेला आहे. "विद्युत पुरवठा खंडित" ऐवजी "हा दांडा", आणि "हा" म्हणताना दांड्यावर हात ठेवायचा. कारखान्यात ज्या वस्तूला लोक जे म्हणतात तेच नाव घ्यायचं. लोक "मेन" म्हणत असतील तर मेन म्हणा, "हँडल" म्हणत असतील तर हँडल म्हणा. कागदावरचं "आयसोलेटर" तोंडी सूचनेत आणू नका, कारण ऐकणारा तो शब्द आपल्या भाषेत उलटवेपर्यंत पुढचं वाक्य निसटतं. पण पॅनेलवरच्या पाटीवर एक नाव आणि तोंडी दुसरं, असंही होऊ देऊ नये. तसं असेल तर पाटी बदला.

"करण्यात यावी" हे क्रियापद सरळ काढून टाकलं आहे. त्यात करणारा कोण हे कळत नाही. "दांडा खाली ओढा" म्हटलं की ज्याने ऐकलं त्यानेच करायचं, हे आपोआप ठरतं.

धोका पायऱ्यांच्या आधी सांगितला आहे, आणि तोही तीन वाक्यांत. "थांबलेला नसतो, अडलेला असतो" हे वाक्य सूचनेचा कणा आहे. पायऱ्या विसरल्या तरी स्थिर पट्ट्याकडे बघताना हे वाक्य आठवलं, तर माणूस हात घालण्याआधी थबकतो. "पट्टा पळतो" मध्ये पळणारा पट्टा डोळ्यांसमोर उभा राहतो. "गंभीर इजा होण्याची शक्यता" मध्ये काहीच दिसत नाही.

पायऱ्या चारच आहेत आणि शेवटची "मग हात". नकाराने सुरू होणारी सूचना, म्हणजे "हात घालू नका", इथे अपुरी पडते, कारण खोकं तर काढायचंच आहे. हात कधी घालायचा हे सांगितलं नाही, तर माणूस स्वतःच ठरवतो. नकार एकाच ठिकाणी ठेवला आहे, जिथे खरोखर थांबायचं आहे: पट्टा हलला तर.

शेवटून दुसरा परिच्छेद, "उत्तर मी देईन", अनेकांना सुरक्षेच्या सूचनेत अनावश्यक वाटेल. आमच्या मते तो काढला तर बाकीची सूचना वाया जाते. माणूस नुसत्या अज्ञानातून हात घालत नाही. मागे माल साठत असतो, पुढे लोक थांबलेले असतात आणि हात घालून खोकं दहा-पंधरा सेकंदांत निघतं. त्याच्यावरचा हा दाब सुपरवायझरने सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर घेतला, तरच त्याला दांडा ओढायचं बळ येतं. अर्थात हे बोलून दुपारी "पट्टा का थांबवलास?" असं विचारलं, तर ती सूचना त्याच दिवशी मेली.

हातवारे जोडा

यंत्रं चालू असताना व्यंजनं ऐकू येत नाहीत, नुसता आवाजाचा चढउतार कळतो. शिवाय समोर उभे असलेले सगळेच एका भाषेचे असतील असं नाही. म्हणून चार शब्दांना चार हातवारे जोडा. "बंद" म्हणताना मूठ वरून खाली ओढायची, दांडा ओढल्यासारखी. "कुलूप" म्हणताना किल्ली फिरवून हात खिशावर थोपटायचा. "बटण" म्हणताना अंगठा हवेत दाबायचा. "मग हात" म्हणताना पंजा उघडून दाखवायचा. दोन-चार दिवसांत लोक एकमेकांना लांबून हेच हातवारे करून विचारायला लागतात, आणि गोंगाटात शब्दांपेक्षा ते जास्त कामी येतात.

कुठे, कधी, कुणासमोर

भोंग्यावरून ही सूचना देऊ नका. मोठ्या शेडमध्ये आवाज घुमतो आणि "हा दांडा" म्हणताना बोट दाखवता येत नाही. पाळी सुरू होताना, पट्टा चालू करायच्या आधी, पॅनेलजवळ उभं राहून बोला. आठ-दहा माणसं असावीत, सगळ्यांना तुमचे हात दिसले पाहिजेत. माणसं जास्त असतील तर दोनदा बोला.

बोलून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका. त्याला "हो" हेच उत्तर येतं. त्याऐवजी एकाच्या हातात कुलूप द्या आणि म्हणा, "पट्ट्यात खोकं अडकलंय. काढून दाखवा." तो चार पायऱ्या करून दाखवेल आणि बाकीचे बघतील. कुठे अडखळला ते लक्षात ठेवा. बहुतेक वेळा अडतं ते तिसऱ्या पायरीला: लाल बटण सोडवायचं राहून जातं. दोघा-तिघांच्या बाबतीत असंच झालं, तर चूक त्यांची नाही. सूचनेतलं ते वाक्य दुसऱ्या दिवशी आणखी सावकाश बोला आणि स्वतः करून दाखवा. दर दिवशी माणूस वेगळा निवडा, आणि नेहमी पुढे उभा राहणारा नको.

उतरली की नाही, हे कसं ओळखायचं

कुलपं पॅनेलशेजारी खिळ्यांवर नंबर घालून टांगलेली ठेवा. समजा आठवड्याभरात नोंदवहीत पट्टा अडकल्याच्या 10 नोंदी आहेत आणि त्या प्रत्येक वेळी कुलूप खिळ्यावरून निघालं का, हे तुम्ही टिपलं. दहापैकी तीनदाच निघालं असेल, तर सूचना अजून तोंडी पाठांतरातच आहे. अशा वेळी आवाज चढवून तीच सूचना पुन्हा देण्याआधी जागेवर जाऊन बघा. कुलपं सुपरवायझरच्या कपाटात आहेत का? मेनचा दांडा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे का? दांड्याच्या भोकात कुलपाची कडी जातच नाही, असंही सापडतं. या तिन्हींपैकी काहीही असेल, तर शब्द बदलून उपयोग नाही. कुलूप हाताशी आणा, कडी बारीक असलेलं कुलूप घ्या. जे या जागेवर करता येत नाही ते सूचनेत बोलायचंच नाही, नाहीतर लोक पुढच्या सगळ्याच सूचना कानाआड करायला शिकतात.

आणि नोंदी अचानक शून्यावर आल्या तर खूश होऊ नका. पट्टा अडकायचा थांबला नसेल, लोकांनी नोंद करायची थांबवली असेल.

रोज तेच ऐकून कान बधिर होतात हे खरं आहे. पण म्हणून चार शब्द बदलू नका, ते तसेच राहू द्या. बदलायचं ते सुरुवातीचं वाक्य. "काल दुपारी 3 नंबरला पुठ्ठा फाटून रोलरखाली गेला होता" अशी कालची खरी गोष्ट घ्या. कुणाच्या हातून झालं त्याचं नाव घेऊ नका. नाव घेतलंत तर पुढच्या वेळी अशी गोष्ट तुमच्यापर्यंत येणारच नाही.

ही सूचना कुठे पुरत नाही

पट्ट्यावर खोकी बाजूला ढकलणारा हवेचा सिलिंडर असेल, तर मेन बंद करून भागत नाही. वीज गेली तरी नळीत हवा दाबलेली राहते. 6 बार दाबावर 50 मिलीमीटर व्यासाचा सिलिंडर साधारण 120 किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो, आणि अडकलेलं खोकं निघाल्यावर तो पूर्ण झेप घेऊ शकतो. अशा ठिकाणी पहिल्या पायरीत दोन गोष्टी येतात: "दांडा खाली, हवेचा कॉक बंद." कॉकलाही कुलूप लागलं पाहिजे आणि आतली हवा बाहेर सोडली गेली पाहिजे. दाबाचा काटा शून्यावर आलेला बघायचा. तिरक्या पट्ट्यावर आणखी वेगळं: मोटर बंद झाली तरी चढावरचा माल स्वतःच्या वजनाने पट्टा मागे ओढतो, म्हणून आधी वरचा माल उतरवायचा किंवा पट्टा अडवून धरायचा. या गोष्टी त्या त्या यंत्राच्या सूचनेत घाला, सगळ्यांच्या नाही. 3 नंबरच्या माणसाला 7 नंबरची हवा ऐकवली, तर त्याच्या चार पायऱ्यांची आठ होतात आणि तो एकही लक्षात ठेवत नाही.

दुसरी मर्यादा विजेची. हिरवं बटण दाबून पट्टा हलला नाही, म्हणजे पट्टा चालणार नाही एवढंच कळलं. पॅनेलच्या आत वीज नाही, असं त्यातून कळत नाही. पॅनेल उघडायचं काम इलेक्ट्रिशियनचं, मीटर लावून तपासल्यावरच. हे तोंडी सूचनेत न घालता पॅनेलच्या दारावर लिहा.

दोघं मिळून खोकं काढत असतील तर कुलपंही दोन लागतात. त्यासाठी एकाच दांड्यावर अनेक कुलपं बसतील अशी पकड मिळते. दोघांपैकी एकाने स्वतःचं कुलूप काढलं तरी दुसऱ्याचं असेपर्यंत दांडा वर जात नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. पाळी बदलताना काम अर्धवट असेल, तर नव्या माणसाने आधी आपलं कुलूप लावायचं आणि मगच जुन्याने आपलं काढायचं, मधे एक क्षणही दांडा मोकळा राहता कामा नये.

पट्टा परत सुरू करताना एक छोटी हाळी लागते, आणि तिला उत्तर यायला हवं. खोकं निघालं, जाळी परत बसवली, पाना-पक्कड उचलली, कुलूप काढलं, की दांडा वर करायच्या आधी हाळी द्यायची: "3 नंबर चालू होतोय! हात?" पट्ट्याशेजारच्या प्रत्येकाने म्हणायचं, "बाहेर!" जितकी माणसं तितके आवाज आले पाहिजेत. एक कमी आला, तर दांडा खालीच ठेवून तो माणूस शोधायचा.